कुरिअरमध्ये हरवलेला डीडी: पैसे परत मिळवण्याची वाट

प्रश्न: सर, मी फोंड्याची. १२ जूनला बाबांच्या खात्यातून ३८,५०० रुपयांचा डीडी काढला, पुण्याच्या एका संस्थेच्या नावाने, प्रवेश फीसाठी. १४ तारखेला कुरिअरने पाठवला. संस्था म्हणते मिळालाच नाही, कुरिअरवाला म्हणतो पोचवला. मला आता गोव्यातच कॉलेज मिळालंय, त्यामुळे पैसे परत हवेत. बँकेत गेलो तर म्हणतात ओरिजिनल आणा. ऑगस्ट संपत आला. तीन महिने झाले की पैसे बुडतात का? डुप्लिकेट मागायचा की रिफंड?

उत्तर: पैसे बुडत नाहीत. तीन महिन्यांची मुदत कागदाची आहे, रकमेची नाही. मुदत उलटली की तो डीडी क्लिअरिंगला चालत नाही, एवढंच. रक्कम बँकेकडेच, न वटलेल्या ड्राफ्टांच्या खात्यात पडून राहते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहा महिने येतात.

तरीही मुदत संपायची वाट बघू नका. अनेकांना वाटतं की डीडी कालबाह्य झाला म्हणजे तो आता कुणालाच वटवता येणार नाही आणि बँक मुकाट्याने पैसे देईल. तसं होत नाही. कालबाह्य डीडीवर बँक नवी तारीख टाकून देऊ शकते, त्याला रिव्हॅलिडेशन म्हणतात. म्हणजे तो कागद जोवर कुठेतरी आहे, तोवर त्यावर हक्क सांगणारा पुढे येऊ शकतो. त्यामुळे हरवलेल्या डीडीसाठी बँक जी हमी मागते ती मुदतीच्या आत मागते आणि मुदतीनंतरही तीच मागते. थांबून काहीच सोपं होत नाही.

बँक ओरिजिनलचा आग्रह का धरते, तेही सांगतो. चेक हा खातेदाराचा आदेश असतो, म्हणून खातेदार तो थांबवू शकतो. डीडी हे बँकेने स्वतः दिलेलं वचन असतं. पैसे तुमच्याकडून आधीच घेतलेले असतात आणि ज्याच्या नावाचा ड्राफ्ट त्याच्या हाती पडला की त्याचा त्यावर हक्क तयार होतो. मग काढणाऱ्याने नुसतं ‘आता नको’ म्हटलं तर बँक तो थांबवू शकत नाही. हरवणं किंवा चोरी हा अपवाद आहे. पण त्यातही बँकेच्या डोक्यात एकच भीती असते, ती म्हणजे एका डीडीचे पैसे दोनदा द्यावे लागतील. पुढचे सगळे कागद त्या भीतीपोटीच मागितले जातात. हे ध्यानात ठेवलं की काउंटरवर कोणता कागद का मागतात ते आपोआप कळतं.

सगळ्यात आधी: वटला आहे की नाही

अर्ज, पोलीस, स्टॅम्पपेपर यांच्या आधी शाखेत जाऊन डीडीची स्थिती विचारा. डीडीचा सहा आकडी नंबर लागतो. पाठवण्यापूर्वी फोटो किंवा झेरॉक्स काढली नसेल तर डीडी काढताना भरलेल्या अर्जाची काउंटरपावती बघा. तीही नसेल तर बाबांच्या पासबुकात १२ जूनची ३८,५०० ची नोंद आणि कमिशन वजा झाल्याची नोंद दाखवा, त्यावरून शाखेला नंबर काढता येतो. आता सगळं संगणकावर असल्याने डीडी पेड आहे की अनपेड हे काउंटरवर तिथल्या तिथे दिसतं. पूर्वी पुण्याच्या शाखेकडून ‘दिलेला नाही’ असं पत्र यावं लागायचं आणि त्यातच महिना जायचा.

अनपेड दिसलं तर त्याच भेटीत लेखी अर्ज देऊन डीडी हरवल्याची नोंद सिस्टिमला करून घ्या. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ती पोच पुढे उपयोगी पडते, का ते खाली येईलच.

पेड दिसलं तर गोष्ट वेगळी. मग कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेमार्फत आणि कुणाच्या खात्यात जमा झाला हे लेखी मागा. २०,००० आणि त्यावरच्या डीडीवर ‘अकाउंट पेयी’ क्रॉसिंग करणं बँकांना बंधनकारक आहे, त्यामुळे तुमचा डीडी संस्थेच्या खात्यातच जमा होऊ शकतो. बहुतेक वेळा असंच निघतं की संस्थेच्या हिशेब विभागाने तो कधीच भरलेला असतो आणि प्रवेश विभागाला पत्ता नसतो. तसं असेल तर बँकेचा संबंध संपला, पैसे संस्थेकडे मागायचे. दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेला असेल, तर मात्र लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि दोन्ही बँकांना लेखी जाब विचारा. अकाउंट पेयी डीडी भलत्याच्या खात्यात घेतलाच कसा, याचं उत्तर तो जमा करून घेणाऱ्या बँकेला द्यावं लागतं.

अनपेड म्हणजे हरवलाच असं नाही

इथे लोक घाई करतात. अनपेडचा अर्थ एवढाच की अजून कुणी वटवलेला नाही. तो संस्थेच्या एखाद्या फायलीला टाचलेला असू शकतो. तुमच्या प्रकरणात कुरिअरवाला पोचवला म्हणतो, म्हणून त्याच्याकडून पोचवल्याचा पुरावा मागा, म्हणजे घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख. तो पुण्याला ईमेलने पाठवा आणि त्या तारखेचं आवक रजिस्टर बघायला सांगा. ‘डीडी मिळाला का’ असं विचारलं की समोरचा संगणकावर फीची नोंद बघून नाही म्हणतो. ‘अमुक तारखेला अमुक नावाचं पाकीट आवक झालं का, आणि ते कोणत्या विभागाकडे गेलं’ असं विचारलं तर कुणीतरी उठून रजिस्टर उघडतो. बरेच ‘हरवलेले’ डीडी असे सापडतात.

सापडला तर तुमचं काम फारच हलकं होतं. संस्थेला डीडी स्पीड पोस्टाने परत पाठवायला सांगा आणि सोबत तिच्या लेटरहेडवर एक पत्र मागा. त्यात डीडी वापरलेला नाही आणि तो रद्द करून रक्कम काढणाऱ्याला द्यायला हरकत नाही, एवढं असावं. मग बाबांनी मूळ डीडी आणि साधा अर्ज घेऊन डीडी काढलेल्या शाखेत जायचं. डीडीच्या मागे ‘ज्या कामासाठी काढला त्यासाठी वापरला नाही, रद्द करून रक्कम माझ्या खात्यात जमा करावी’ असं लिहून खात्यातल्याच सहीने सही करायची. समोरच्या बाजूला स्वतः रेघा मारून ‘कॅन्सल’ लिहू नका, फाडूही नका. रद्दचा शिक्का बँक मारते. मुदत संपलेली असली तरी रद्द करायला अडचण नाही, त्यासाठी आधी रिव्हॅलिडेट करावं लागत नाही. काही काउंटरवर तसं सांगतात, पण परतावाच हवा असेल तर त्या फेऱ्याची गरज नाही.

डीडी संस्थेला द्यायचाच असता, तर रिव्हॅलिडेशन कामाला आलं असतं. मूळ डीडी आणि काढणाऱ्याचा अर्ज घेऊन गेलं की अधिकारी नवी तारीख टाकून सही करतो. चेक किंवा ड्राफ्टवरची खाडाखोड क्लिअरिंगला चालत नाही, पण मुदत वाढवण्यासाठी केलेला तारखेचा बदल चालतो. साधारणपणे हे एकदाच करून मिळतं. दुसऱ्यांदा मुदत संपली तर रद्द करून नवा काढायला सांगतात, आणि काही बँका तर पहिल्याच वेळी नवा काढून देणं पसंत करतात. एक खबरदारी घ्या. तीन महिने मोजताना डीडी पेटीत टाकल्याचा दिवस धरू नका. तो क्लिअरिंगमधून तुमच्या बँकेपर्यंत मुदतीच्या आत पोचायला हवा. शेवटच्या दिवशी पेटीत टाकलेला डीडी कालबाह्य म्हणून परत येतो. आणि नावात चूक असेल तर ती रिव्हॅलिडेशनमध्ये दुरुस्त होत नाही, त्याला रद्द करून नवा काढणं हाच उपाय.

खरंच हरवला असेल तर: डुप्लिकेट की परतावा

आता तुमचा मूळ प्रश्न. बँकेच्या नजरेतून डुप्लिकेट देणं सोपं असतं, कारण तो त्याच नावाने, त्याच रकमेचा निघतो. पैसे ज्याला जायचे त्यालाच जातात, धोका फक्त ओरिजिनल नंतर उगवण्याचा. परतावा देताना मात्र बँक पैसे संस्थेऐवजी तुमच्या बाबांना देते. उद्या संस्था ओरिजिनल घेऊन आली तर बँक अडचणीत येते. म्हणून परताव्याला एक जास्तीचा कागद लागतो, आणि तो नसला की अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळतो. तो म्हणजे संस्थेचं पत्र.

हे पत्र ढोबळ नको. ‘संबंधित विद्यार्थिनीचा डीडी प्राप्त झालेला नाही’ एवढ्यावर बँक परतावा देत नाही. त्यात चार गोष्टी हव्यात आणि त्या अशा शब्दांत मागून घ्या: ‘डीडी क्रमांक अमुक, दिनांक १२ जून, रक्कम रु. ३८,५००, अमुक बँक, फोंडा शाखा, हा आम्हाला मिळालेला नाही. तो आम्ही वटवलेला नाही किंवा कुणाच्या नावे पाठांकित केलेला नाही. या रकमेवर आमचा कोणताही हक्क नाही आणि ती डीडी काढणाऱ्यास परत देण्यास आमची हरकत नाही. हा डीडी पुढे आम्हाला मिळाल्यास आम्ही तो न वटवता बँकेकडे परत करू.’ लेटरहेड, अधिकृत सही, नाव, हुद्दा, शिक्का आणि तारीख. ईमेलवरची प्रत शाखा पुढे कार्यवाहीसाठी घेते, पण पैसे सोडताना मूळ पत्र मागतात, म्हणून सुरुवातीलाच पोस्टाने मूळ मागवा.

संस्था पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर डुप्लिकेटचा मार्ग उरतो. डुप्लिकेट हाती आला की तो संस्थेला न पाठवता वर सांगितल्याप्रमाणे ‘वापरला नाही’ म्हणून रद्दला देता येईल असं वाटतं. मात्र हरवलेल्याच्या बदल्यात दिलेला असल्याने अशा वेळी बहुतेक शाखा पुन्हा त्याच पत्रावर येतात. म्हणून खटपट त्या पत्रासाठीच करा, बाकीचं सगळं तुमच्या हातात आहे.

बाकीचं म्हणजे बाबांचा अर्ज, ओळखपत्र, खात्याचा उतारा, पोलिसांतली हरवल्याची नोंद आणि इन्डेम्निटी बाँड. पोलिसांची नोंद प्रत्येक बँक मागतेच असं नाही, पण तुमच्या बाबतीत डीडी तिसऱ्याच्या हातून गेला आहे, तेव्हा घेऊन ठेवा. नोंदीत डीडीचा नंबर आणि कुरिअरच्या पावतीचा नंबर दोन्ही यायला हवेत. नुसतं ‘कागदपत्रे गहाळ’ लिहिलेला कागद शाखा परत करते.

बाँडचा मसुदा बँकेचाच असतो, तो आधी शाखेतून घ्या. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून सर्वसाधारण मसुदा करून नेला की बँकेची विधी शाखा तो नाकारते आणि स्टॅम्पपेपर वाया जातो. स्टॅम्प किती रुपयांचा, नोटरी हवी का, जामीनदार हवा का, हे तिन्ही प्रश्न तेव्हाच विचारा, कारण रक्कम जशी मोठी तशी अट बदलते. स्टॅम्पपेपर गोव्यात घेतलेला आणि बाबांच्या नावाने असावा, तुमच्या नावाने नव्हे. बाँड लिहून देणारा तोच असतो ज्याने डीडी काढला. खातं जोडनावावर असेल तर दोघांच्या सह्या मागू शकतात. बाँडमध्ये बाबा असं लिहून देतात की ओरिजिनल सापडला तर परत करीन आणि त्यापोटी बँकेला पैसे द्यावे लागले तर भरून देईन. ही खरी जबाबदारी आहे, फॉर्म भरण्यापुरती नाही, म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी वाचायला हवा.

५,००० रुपयांपर्यंतच्या हरवलेल्या डीडीला सूट आहे. तिथे पुरेशी हमी घेऊन, ज्या शाखेवर काढला तिच्या खुलाशाची वाट न बघता डुप्लिकेट द्यावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तुमची रक्कम त्यात बसत नाही.

किती दिवस, किती पैसे

डुप्लिकेटची मागणी आल्यापासून पंधरवड्यात तो द्यावा आणि उशीर झाला तर तेवढ्या काळाच्या मुदत ठेवीच्या दराने व्याज द्यावं, असा नियम आहे. तो काढणाऱ्याने किंवा ज्याच्या नावाचा आहे त्याने मागितल्यास लागू होतो, तिसऱ्याच्या नावे पाठांकित झालेल्या डीडीला नाही. पहिल्या दिवशीची शिक्क्याची पोच यासाठीच जपायची. कागद अपुरे असतील तर बँक पंधरवडा ते पूर्ण झाल्यापासून मोजते, म्हणून काय काय राहिलंय ते एकदाच लेखी मागून घ्या. व्याजाची रक्कम किरकोळच असते. समजा २० दिवस उशीर आणि दर ४ टक्के, तर ३८,५०० वर ८४ रुपयांच्या आसपास येतात. पण त्या नियमाचा उल्लेख अर्जात असला की फाईल टेबलावरून हलते. यंदा चतुर्थीच्या सुट्ट्यांत अडकू नये असं वाटत असेल तर अर्ज त्याआधी आत जाऊ दे.

परत मिळणारी रक्कम ३८,५०० वजा रद्द करण्याचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. शुल्क प्रत्येक बँकेचं वेगळं असतं आणि शाखेच्या दरपत्रकात लिहिलेलं असतं. समजा १५० रुपये असेल तर २७ रुपये जीएसटी धरून १७७ कापून ३८,३२३ जमा होतील. काढताना दिलेलं कमिशन परत मिळत नाही आणि जूनपासून पैसे पडून राहिले त्याचं व्याजही नाही.

रक्कम बाबांच्याच खात्यात जाईल. तुमच्या खात्यात मागू नका, त्यासाठी अर्ज अडतो. १५ सप्टेंबर २०१८ पासून डीडीच्या दर्शनी भागावर काढणाऱ्याचं नाव छापलं जातं, त्यामुळे परतावा कुणाला हा वाद राहिलेला नाही. ते खातं दरम्यान बंद झालं असेल तर बाबांच्या नावाचं दुसरं खातं चालतं.

आणखी एक बघा. डीडी सहकारी बँकेतून काढला असेल तर त्यावर नाव कुणाचं छापलंय? गोव्यातल्या काही लहान सहकारी बँका मोठ्या बँकेशी करार करून तिचे ड्राफ्ट देतात. तसं असेल तर तुमचा अर्ज स्थानिक शाखेतच जातो, पण हरवल्याची नोंद आणि निर्णय त्या मोठ्या बँकेकडून येतो. अशा वेळी अर्ज कोणत्या तारखेला पुढे पाठवला ते विचारून लिहून ठेवा, नाहीतर तो स्थानिक शाखेच्या ट्रेमध्येच राहतो.

शाखेने दाद दिली नाही तर आधी त्याच बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. पोच, संस्थेचं पत्र आणि बाँडची प्रत जोडा.

पैसे जमा झाल्यावर कधीतरी ते पाकीट परत येईल, कुरिअरच्या गोदामातून किंवा पुण्याहून. तेव्हा तो डीडी कुठेही भरू नका आणि घरात ठेवूही नका. बाबांनी तो अर्जासोबत शाखेत जमा करावा, ‘मूळ डीडी मिळाला’ अशी पोच घ्यावी आणि ती बाँडच्या प्रतीला टाचून ठेवावी. बाँडखालची त्यांची जबाबदारी संपल्याचा तोच पुरावा.